मायरा भरून झाल्यावर

व्यापारी घरातील माणसे गावाबाहेर पडतात ती बहुधा तीन कारणांनी: माल खरेदीसाठी, तीर्थयात्रेसाठी किंवा नातलगांच्या लग्नासाठी. नुसत्या विश्रांतीसाठी दुकान सोडून जाणे आमच्या घरात अजून कोणाच्या तोंडी सहज येत नाही. म्हणून लग्नाचे निमंत्रण आले की घरातील मुले हळूच विचारतात, “जाणारच आहोत, तर दोन दिवस जास्त राहू या का?” या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत “बघू” असे असते, आणि शेवटी पाहायचे राहूनच जाते.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी हाच प्रश्न आला. थोरल्या नणंदबाईंच्या मुलीचे लग्न इंदूरला ठरले होते. आमचे कापडाचे दुकान नाशिकला. दीर आणि आमचे हे दोघे मिळून ते पाहतात. लग्न भाचीचे, म्हणजे आम्ही मामाकडचे. मायरा आमच्याकडून जायचा होता. त्यामुळे हे लग्न केवळ हजेरी लावण्याचे नव्हते. तीन दिवस आधी पोहोचणे, आदल्या दिवशी मायरा भरणे आणि पाठवणीनंतर दुसऱ्या दिवशी मुलगी-जावई पहिल्या फेऱ्याला घरी येतात त्या जेवणाला थांबणे, एवढे तर ठरलेलेच होते. त्यात सुट्टीचे दिवस घालायचे तर कोठे, हा खरा प्रश्न होता.

मुलांचे म्हणणे होते, आधी दोन दिवस फिरून घेऊ आणि मग लग्नाला उभे राहू. म्हणजे कपडे ताजे आणि माणसेही ताजी. हे ऐकायला बरे वाटते, परंतु मायरा घेऊन निघालेल्या घराला ते जमण्यासारखे नसते. आमच्या गाडीत नणंदबाईंच्या सासरच्या प्रत्येकासाठी काढलेली वस्त्रे होती, भाचीचा दागिना होता, नणंदबाईंची चुनडी होती. अशा पेट्या गाडीत ठेवून किल्ला पाहायला उतरता येत नाही आणि खोलीत ठेवून जाता येत नाही. कोणीतरी एक सतत राखणीला बसणार, आणि ते कोणीतरी म्हणजे घरातील वडीलधारी बाई किंवा सून. शिवाय लग्नाआधी मन मोकळे नसते. एखादी साडी कमी पडली का, पाकिटांवर नावे नीट घातली का, याचीच उजळणी मनात चालू असते. मायरा भरून झाला की मात्र पेट्या रिकाम्या होतात, गाडी हलकी होते आणि मनही.

म्हणून दिवस लग्नानंतर घ्यायचे, हे प्रथम ठरले. मग प्रश्न आला तो गावाचा. नणंदबाईंचा आग्रह होता की इंदूरलाच राहा, येथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ते खरेही आहे. राजवाडा आहे, शेठ हुकुमचंदांनी बांधवलेले काचमंदिर आहे, आणि खाण्यासाठी तर लोक मुद्दाम इंदूर गाठतात. परंतु ज्या घरात नुकतेच लग्न झाले आहे त्या घराला पाहुण्यांपासूनही थोडी सुट्टी लागते. गाद्या परत करायच्या असतात, हलवाई आणि मांडववाल्याचा हिशेब असतो, उरलेली मिठाई वाटायची असते. आपण हॉटेलात उतरलो तरी त्याच गावात आहोत एवढ्यानेच यजमानीण दर संध्याकाळी फोन करते, “जेवायला येता ना?” ती दमलेली असते, तरीही तिला विचारावे लागते, आपल्याला इच्छा नसली तरी जावे लागते. यात कोणाचीच सुट्टी होत नाही.

इंदूरच्या खाण्याविषयी एक गोष्ट येथेच सांगते, कारण आपल्या घरांना ती उपयोगी आहे. तेथील सराफा बाजार खाण्यासाठी प्रसिद्ध आहे, परंतु तो रंगतो सोन्या-चांदीची दुकाने बंद झाल्यावर, रात्री. चौविहार करणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. छप्पन दुकान मात्र दिवसाही चालू असते; तेथे सकाळी पोहे-जिलेबी खाता येते, पोह्यांवर कांदा घालू नका असे आधी सांगितले की झाले. हिवाळ्यात तेथे गराडू नावाचा तळलेला, मसाला भुरभुरलेला पदार्थ जागोजागी दिसतो. वास फार चांगला येतो, पण गराडू हा कंद आहे. नाव अनोळखी असल्यामुळे जमीकंद न खाणारी माणसेही तो सहज घेऊन बसतात. मक्याचा कीस घ्यावा. त्याला इंदुरात भुट्टे का कीस म्हणतात.

गाव निवडताना आम्ही नकाशा उलट्या बाजूने पाहिला. इंदूरजवळ काय आहे असे न पाहता, परतीच्या वाटेवर काय आहे असे पाहिले. इंदूरहून नाशिकला येणारा आग्रा रस्ता मानपूरचा घाट उतरून निमाडात येतो, धामणोदवरून खलघाटला नर्मदा ओलांडतो आणि पुढे सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव असा आपल्याकडे येतो. धामणोदपासून आत साधारण तेरा-चौदा किलोमीटरवर महेश्वर आहे. म्हणजे अहिल्याबाईंची राजधानी आमच्या वाटेवरच होती. तिच्यासाठी वेगळी यात्रा काढावी लागणार नव्हती. इंदूरहून ते नव्वद किलोमीटरच्या आसपास, म्हणजे यजमानांपासून इतके दूर की त्यांना आपल्या जेवणाची काळजी वाटू नये, आणि इतके जवळ की त्यांना वाटले तर सकाळी निघून संध्याकाळी परत जाता यावे. या दुसऱ्या गोष्टीचे मोल आम्हाला पुढे कळले.

गाव ठरल्याचे कळताच नातलगांच्या सूचना सुरू झाल्या. चुलत सासऱ्यांनी सांगितले, ओंकारेश्वर सोडू नका. एका मावससासूबाईंनी उज्जैन सांगितले. कोणी बावनगजा सांगितला, कोणी मोहनखेडा. प्रत्येक सूचना योग्य होती आणि सगळ्या मिळून अशक्य होत्या. हातात दिवस होते अडीच. यांनी कागदावर अंतरे लिहिली तेव्हा दिसले की सगळी स्थळे घेतली तर आम्ही दिवसाचे पाच-सहा तास गाडीतच बसणार. माझ्या सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. घरात सगळे त्यांना बाई म्हणतात. त्या नवकारशीनंतरच तोंडात काही घालतात आणि सूर्यास्ताआधी त्यांचा चौविहार होतो. डिसेंबरच्या मध्यावर त्या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या आत मावळतो. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे. म्हणजे पावणेआठच्या आधी चहा नाही आणि साडेपाचनंतर जेवण नाही. या दोन वेळांमध्ये जे बसेल तेवढेच आमचे पर्यटन. म्हणून ठरवले की मुक्काम एकच, रात्री दोन, आणि मधला पूर्ण दिवस मोकळा. वाटेत एकच स्थळ घ्यायचे, ते मांडवगड.

दुकानाचा प्रश्न त्याहून नाजूक होता. मार्गशीर्ष म्हणजे कापडवाल्याचे पिकाचे दिवस. आपल्या घरची लग्ने ज्या मुहूर्तांवर असतात, त्याच मुहूर्तांवर गिऱ्हाइकांच्या घरीही असतात. आपल्याकडील मारवाडी-गुजराती घरे धनुर्मासात लग्न करीत नाहीत, परंतु मराठी घरांची बस्त्याची खरेदी पुढेही चालूच असते. दोघे भाऊ एकदम आठवडाभर दुकान सोडू शकत नव्हते. तेव्हा असे ठरले की पहिल्या फेऱ्याच्या दिवशी सकाळीच दीर, जाऊबाई आणि त्यांची मुले दुसऱ्या गाडीने नाशिकला परततील आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडतील. आमचे तीन दिवस जास्त जाणार होते, त्यात एक पेठेची साप्ताहिक सुट्टी होती. म्हणजे दीर एकटे पडणार ते दोन दिवस.

एकत्र घरात असे दोन दिवस कोणी मोठ्याने मोजत नाही, पण मनात मोजले जातात. ते मनात राहू नयेत म्हणून यांनी निघण्याआधीच वहीत दोन वेगळ्या नोंदींची व्यवस्था केली. इंदूरचे जाणे-येणे, मायरा, आहेर, तेथील उतरणे हे घरखर्च खाती. महेश्वरच्या दोन खोल्या, दोन दिवसांचे जेवण, नाव, खरेदी आणि वाकड्या वाटेचे पेट्रोल हे आमच्या स्वतःच्या खाती. सरळ रस्त्यापेक्षा आमचे अंतर शंभर किलोमीटरच्या आतच वाढत होते, त्यामुळे पेट्रोलची रक्कम काही मोठी नव्हती. पण ती रक्कम कोणाच्या नावावर पडली हे महत्त्वाचे होते. आणि बाईंनी दिरांना सर्वांसमोर सांगितले, “पुढचे लग्न येईल तेव्हा तुम्ही दोघे थांबा, हे दुकान पाहतील.” एवढ्याने तो विषय संपला.

दिरांची गाडी आधी परतणार होती याचा आणखी एक उपयोग झाला. लग्नात बायकांनी घातलेले दागिने आणि जड साड्या त्या गाडीतून घरी गेल्या. नाशिकहून निघतानाच मी प्रत्येकाच्या दोन बॅगा केल्या होत्या: एक लग्नाची, एक नंतरची. नंतरच्या बॅगेत सुती कपडे, चालायच्या चपला, शाल, विजेची किटली, खाखरे आणि मेथीच्या पुऱ्या एवढेच. ही बॅग इंदूरला उघडलीच नाही. लग्नाच्या खोलीत सगळे सामान एकत्र उपसले गेले की शेवटच्या सकाळी कोणाचे काय कोठे आहे हे शोधण्यात निम्मा दिवस जातो, तो वाचला.

महेश्वरला खोल्या ठरवताना आम्ही फोनवर तीन गोष्टी विचारल्या. खोली तळमजल्यावर मिळेल का. संध्याकाळचे जेवण सव्वापाचला, कांदा, लसूण, बटाटा न घालता मिळेल का. आणि तेथील स्वयंपाकघर शाकाहारीच आहे का. पहिल्या दोन ठिकाणी दुसऱ्या प्रश्नाला “सात वाजता लवकरात लवकर” असे उत्तर आले. तिसरे ठिकाण एका कुटुंबाने चालवलेले होते. तेथील बाईंनी विचारले, “पाच वाजता बसाल तर आम्हालाही बरे, भाजी कोणती करू?” खोल्या साध्या होत्या, पण त्या एका प्रश्नावर आम्ही त्या पक्क्या केल्या. चौविहार पाळणाऱ्या घराने खोलीचे छायाचित्र पाहण्याआधी जेवणाची वेळ विचारावी असे मला वाटते. वेळ जमली नाही तर रोज संध्याकाळी घाटावरचे सगळ्यांत सुंदर क्षण जेवणाच्या शोधात जातात.

लग्न दिवसाचे होते, ते यथासांग पार पडले. त्याचे वर्णन येथे करीत नाही. पाठवणी संध्याकाळी झाली. दुसऱ्या दिवशी मुलगी-जावई येऊन गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आठनंतर आम्ही निघालो आणि धारवरून साडेदहाच्या सुमारास मांडवगडला पोहोचलो. तेथे सुपार्श्वनाथ भगवंतांचे दर्शन घेतले आणि भोजनशाळेत जेवलो. मांडू म्हणताच लोकांना राणी रूपमती आठवते. आपल्या घरांना पेथडशाह मंत्र्यांचे गाव म्हणूनही ते ठाऊक असते. जेवणानंतर फक्त जहाजमहाल पाहिला. दोन तलावांच्या मधोमध, लांबीला सव्वाशे मीटरच्या जवळपास असलेली ती वास्तू पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुलतान गियासुद्दीन खिलजीच्या काळात झाली असे मानतात. पाण्यात नांगरलेल्या जहाजासारखी दिसते म्हणून हे नाव. मुले छतावर धावली, बाई खाली सावलीत बसल्या. रूपमतीचा मंडप मुलांना पाहायचा होता, पण घड्याळात अडीच वाजले होते. घाट उतरून चाळीस किलोमीटर जायचे होते आणि पाचला पान वाढले जाणार होते. आम्ही निघालो. सव्वाचारला महेश्वर गाठले.

महेश्वर विस्ताराने लहान आहे. किल्ला, त्याच्या पायथ्याशी नर्मदेचे लांबच लांब घाट आणि पाठीमागे विणकरांची वस्ती, एवढ्यात गाव संपते. अहिल्याबाईंनी 1767 मध्ये कारभार हाती घेतला आणि राजधानी इंदूरहून येथे आणली. 1795 मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडीची ही लेक. किल्ल्यातील तिचा राजवाडा पाहून माझ्या मुलाने विचारले, “एवढाच?” गादीही तशीच साधी, पांढऱ्या बिछायतीची. राजवाडा कोणी म्हणावा असा तो नाही. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या सावकाराचा वाडा याहून मोठा असतो. ज्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि मंदिरे बांधवली, त्यांनी स्वतःसाठी एवढेच ठेवले, असे बाईंनी त्याला सांगितले. तो काही बोलला नाही, पण बराच वेळ त्या गादीसमोर उभा राहिला.

दुसरा दिवस आम्ही मुद्दाम रिकामा ठेवला होता. कोणालाही लवकर उठवायचे नाही, एवढाच त्या दिवसाचा कार्यक्रम. सकाळी नऊच्या सुमारास नणंदबाईंचा फोन आला. मला वाटले, पोहोचलो का, जेवलो का, हे विचारायला असेल. त्या म्हणाल्या, “आम्ही दोघे निघालो आहोत. घरात बसवत नाही.” अकराच्या आत त्या आणि जावईबापू आमच्या दारात होते.

लग्नात नातलग भेटतात, परंतु बोलणे होत नाही. बाई आणि नणंदबाई आठवडाभर एकाच घरात होत्या. मला आठवत नाही की त्या दोघी सलग पाच मिनिटे एकत्र बसल्या असतील. आईला मुलीकडून किल्ल्या हव्या असत, मुलीला आईकडून चुनडी कोणत्या पेटीत आहे हे हवे असे. मायऱ्याच्या वेळी दोघी एकमेकींना मिठी मारून रडल्या, पण तेही वीस माणसांच्या देखत आणि छायाचित्रकाराच्या सांगण्याप्रमाणे जरा बाजूला सरकून. त्या दिवशी महेश्वरला त्या दोघी घाटाच्या वरच्या पायरीवर उन्हात बसल्या. घाटाच्या पायऱ्या पुष्कळ आणि उंच आहेत. बाईंना खाली उतरवण्याचा हट्ट आम्ही केला नाही. पुरुष मंडळी आणि मुले नावेतून नदीच्या मध्ये असलेल्या बाणेश्वराच्या देवळाकडे गेली. मी शेंगा सोलीत जवळच बसले होते.

नणंदबाई कितीतरी वेळ नुसत्या नदीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “बाई, मला पाठवलेत त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलेत?”

बाई म्हणाल्या, “काय करणार? दुकानची माणसे जेवायला यायची होती. ताटे मांडली. तुझेही मांडले. तुझे वडील काही बोलले नाहीत, त्यांनी ते उचलून ठेवले. असे आठ-दहा दिवस झाले असेल.”

“मला कधी सांगितले नाहीत.”

“तू कधी अशी बसलीस?”

त्यानंतर नणंदबाईंनी जे सांगितले ते मलाही नवे होते. जावईबापूंचे हार्डवेअरचे दुकान आहे. मुलीच्या लग्नानंतर घरात दुपारी त्या एकट्याच राहणार. जावईबापूंनी त्यांना विचारले होते, दुकानात येऊन हिशेब पाहशील का? सासूबाई हयात असताना हा प्रश्न निघाला नव्हता. आता निघाला, तर त्यांना संकोच वाटत होता. पन्नाशीला दुकानात बसायला लागले तर लोक काय म्हणतील, आणि माहेरी काय वाटेल? हे त्यांना आईला विचारायचे होते, आणि आठवडाभर विचारायला जागा मिळाली नव्हती. फोनवर हे बोलता आले असते असे कोणी म्हणेल. पण आमच्या घरी बाई फोन कानाला लावतात तो उभ्यानेच, आणि सगळे सुखरूप आहेत एवढे कळले की ठेवून देतात.

बाईंनी शेंगांची टरफले पदरातून झटकली आणि म्हणाल्या, “लग्नाआधी तू दुकानात रोजमेळ लिहायचीस. तुझे वडील म्हणायचे, हिचा मेळ कधी अडत नाही. लिही की आता.” बस, एवढेच. त्या विषयावर पुन्हा कोणी बोलले नाही. पण जेवताना नणंदबाईंनी जावईबापूंना सहज विचारले, “तुमच्याकडे उधारीची वही वेगळी ठेवता की संगणकातच?” आणि जावईबापू घास हातात धरून हसले.

दुपारी आम्ही विणकरांकडे गेलो. कापडाच्या घरातील माणसे कोठेही गेली तरी त्यांचे बोट कापडाकडे जाते. महेश्वरीचा ताणा साधारणपणे रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. म्हणून ती अंगावर हलकी बसते आणि तिला मंद चमक असते. काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा विणण्याची तेथे जुनी रीत आहे आणि काठावरील चौकटी, विटा, चटई हे आकार किल्ल्याच्या दगडी कामात दिसतात. आम्ही ते सकाळी पाहूनच आलो होतो, म्हणून मुलीने लगेच ओळखले. गेल्या शतकात हे काम फार मंदावले होते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील मंडळींनी येथे रेहवा नावाची संस्था सुरू केली आणि गावातील स्त्रिया पुन्हा मागावर बसल्या.

बाई रेशीम नेसत नाहीत. रेशमासाठी कोष उकळतात, म्हणून त्यांनी ते तरुणपणीच सोडले. आमच्या दुकानात त्या रेशमाच्या थप्पीला हातही लावत नाहीत. त्यांनी विणकराला विचारले, “दोन्हीकडून सूतच असलेली मिळेल?” मिळते, मात्र मागावी लागते, कारण समोर ठेवतात ती बहुधा रेशमी ताण्याची. यांनी काठाची उलट बाजू पाहिली, कडेला बोट फिरवले. हातमागावर कापड विणताना पन्हा ताणून धरण्यासाठी कडेला टोके टोचलेली असतात, त्यांची बारीक भोके कडेने सारख्या अंतरावर दिसतात. ती दिसली आणि विणीत कोठे कोठे किंचित जाड धागा दिसला, तर ते हाताचे काम समजावे. बाईंनी दोन सुती साड्या घेतल्या, एकसारख्या, राखाडी रंगाच्या. एक स्वतःला, एक मुलीला. मायऱ्यात नणंदबाईंना जरीची चुनडी गेली होती. ती पेटीत राहील. ही साडी त्या दुकानात नेसून बसतील, असे बाईंनी परतताना गाडीत मला सांगितले.

चार वाजता नणंदबाई आणि जावईबापू निघाले, कारण मानपूरचा घाट त्यांना उजेडात चढायचा होता. त्या रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ असते. लग्नाची धावपळ झालेल्या माणसाने तो अंधारात करू नये. आम्हीही तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला निघालो. महेश्वरहून नाशिक साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. जेवण वाटेत बारा वाजता झाले आणि सूर्य मावळण्याआधी घर आले. चौविहार घरीच झाला.

असे दिवस प्रत्येक लग्नाला जोडता येत नाहीत. वऱ्हाडाच्या बसने गेलेल्या माणसाला परतीची वाट आपल्या हातात नसते. रेल्वेची तिकिटे काढलेली असली तर वाटेत उतरण्याचा विचार तिकीट काढण्याआधीच करावा लागतो. पहिल्या फेऱ्याचा दिवस पक्का नसेल तर मामाकडच्यांनी खोल्या पक्क्या करू नयेत, कारण तो दिवस पुढे गेला तर सुट्टी जाते किंवा नाते दुखावते. वैशाख-ज्येष्ठातील लग्न असेल तर निमाडासारख्या उष्ण प्रदेशात म्हाताऱ्या माणसाला नेऊच नये. आणि यादीत तिसरे स्थळ आले की समजावे, विश्रांतीचे दिवस संपले आणि धावपळ सुरू झाली.

फाल्गुनात जाऊबाईंच्या माहेरी, हैदराबादला लग्न आहे. या वेळी थांबण्याची पाळी त्यांची आहे आणि दुकान आम्ही पाहणार आहोत. परवा दीर नकाशा उघडून बसले होते. हैदराबादहून सोलापूरकडे येताना जहीराबादपासून थोडे आत बीदर आहे. तेथील किल्ला त्यांना पाहायचा आहे. जाऊबाईंनी तेथील दोन ठिकाणी फोनही केला. पहिला प्रश्न त्यांनी कोणता विचारला हे मी स्वयंपाकघरातून ऐकले: “संध्याकाळचे जेवण किती वाजता मिळेल?”